निकालपत्रकात प्रत्येक तुकडीचा गुणानुक्रम एकपासून का सुरू होत नाही: COUNTIFS चे सूत्र आणि त्यातील नेहमीच्या चुका

वार्षिक परीक्षेचे गुण भरून झाले, की आमच्या शाळेत दरवर्षी तीच अडचण उभी राहते. सातवीच्या तीनही तुकड्यांचे गुण एकाच शीटमध्ये असतात, गुणानुक्रमाच्या स्तंभात कोणीतरी `RANK` चे सूत्र लिहिलेले असते आणि ब तुकडीच्या वर्गशिक्षिका विचारतात, की माझ्या वर्गात पहिला कोणीच कसा नाही. सूत्राची त्यात चूक नसते. `RANK` किंवा `RANK.EQ` ला एक संख्या आणि संख्यांची एक यादी एवढेच कळते, आणि त्या यादीतला अमुक तुकडीचाच भाग घे, असे सांगण्याची सोय त्यात नाही. म्हणून ते सगळ्या इयत्तेचा एकत्र क्रम लावते.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे प्रत्येक तुकडीसाठी हाताने वेगळी रेंज देणे: अ तुकडीला ओळ २ ते ४०, ब तुकडीला ४१ ते ७९, आणि याप्रमाणे पुढे. हा उपाय पहिल्या दिवशी चालतो. पुढे कोणी शीट गुणांनुसार उतरत्या क्रमाने लावली, की तुकड्या एकमेकींत मिसळतात आणि रेंजा मात्र जागच्या जागी राहतात. दरवर्षी नव्याने होणारा हा घोळ थांबवायचा असेल, तर तुकडी कोणत्या ओळींत आहे हे सूत्राला सांगण्याऐवजी तुकडीचे नाव वाचून निर्णय घ्यायला लावले पाहिजे, आणि ते काम `COUNTIFS` करते.

खालील नमुन्यात नऊच विद्यार्थी घेतले आहेत, म्हणजे प्रत्येक आकडा डोळ्यांनी तपासता येईल. एकूण गुण ६०० पैकी आहेत.

```
      A        B       C          D
1     ह.क्र.    तुकडी    एकूण गुण    गणित
2     1        अ       512        91
3     2        अ       488        80
4     3        अ       512        88
5     4        अ       431        64
6     1        ब       467        72
7     2        ब       495        85
8     3        ब       390        58
9     1        क       529        94
10    2        क       488        79
```

E2 मध्ये पुढील सूत्र लिहून ते E10 पर्यंत खाली ओढावे.

```
=COUNTIFS($B$2:$B$10,B2,$C$2:$C$10,">"&C2)+1
```

सूत्राचा अर्थ साधा आहे. माझ्याच तुकडीतले आणि माझ्यापेक्षा जास्त गुण असलेले विद्यार्थी किती, ते मोज आणि त्यात एक मिळव. तिसऱ्या ओळीतील ४८८ गुणांच्या विद्यार्थ्याच्या पुढे अ तुकडीत ५१२ गुणांचे दोघे आहेत, म्हणून दोन अधिक एक, असा त्याचा क्रमांक तिसरा येतो. दहाव्या ओळीतील विद्यार्थ्यालाही ४८८ गुणच आहेत, पण क तुकडीत त्याच्यापुढे एकच जण असल्यामुळे तो दुसरा ठरतो. संपूर्ण स्तंभात वरून खाली १, ३, १, ४, मग २, १, ३ आणि शेवटी १, २ असे आकडे दिसले पाहिजेत. ओळी कोणत्याही क्रमाने लावल्या, तुकड्या कितीही मिसळल्या, तरी ज्या त्या विद्यार्थ्यासमोरचा आकडा बदलत नाही. गुगल शीट्समध्येही हेच सूत्र जसेच्या तसे चालते.

सूत्र इतके छोटे असूनही ते लिहिल्यावर चुकीचे निकाल का येतात, हा खरा प्रश्न आहे. माझ्या अनुभवात कारणे ठरावीक आहेत, आणि प्रत्येक कारणाची खूण वेगळी असल्यामुळे निकालाकडे नीट पाहूनच बहुतेक वेळा चूक ओळखता येते.

तुकडीतला शेवटचा विद्यार्थी पहिला येतो

ही डॉलरच्या चिन्हांची चूक आहे. `$B$2:$B$10` ऐवजी नुसते `B2:B10` लिहिले, तर सूत्र एक ओळ खाली ओढताच रेंजही एक ओळ खाली सरकते आणि वरचा विद्यार्थी मोजणीतून सुटतो. वरच्या नमुन्यात असे केल्यास पाचव्या ओळीतील ४३१ गुणांच्या विद्यार्थ्याला त्याच्या वरचे तिघेही दिसत नाहीत, आणि अ तुकडीतला सर्वांत कमी गुणांचा मुलगा चक्क पहिला येतो. तिसऱ्या ओळीतला विद्यार्थी तिसऱ्याऐवजी दुसरा होतो, आठव्या आणि दहाव्या ओळीतले दोघेही पहिले होतात. फसगत अशी होते, की स्तंभातला पहिला आकडा नेहमी बरोबरच येतो, आणि बहुतेक जण तेवढाच तपासून सूत्र खाली ओढतात. उपाय एवढाच, की सूत्रातील रेंज निवडून F4 कळ दाबावी म्हणजे चारही डॉलर एकदम लागतात. निकषाचे `B2` आणि `C2` मात्र डॉलरशिवायच राहिले पाहिजेत, कारण ते प्रत्येक ओळीबरोबर बदलायचेच आहेत.

दोन रेंजांपैकी एक `$B$2:$B$10` आणि दुसरी `$C$2:$C$9` अशी लहानमोठी झाली, तर `#VALUE!` दिसते. ती चूक निदान लपत तरी नाही.

गैरहजर विद्यार्थी पहिला येतो

गुणांच्या जागी शिक्षक कधी `गैरहजर` लिहितात, कधी `AB` लिहितात, आणि त्या विद्यार्थ्यासमोर ऐटीत १ उमटतो. असे होण्याचे कारण `">"&C2` या तुकड्यात आहे. C2 मध्ये ४१२ असेल तर निकष `>412` असा तयार होतो आणि संख्यांची तुलना होते. पण तिथे शब्द असेल तर निकष `>गैरहजर` असा बनतो, आणि मग एक्सेल त्या शब्दाच्या पुढे वर्णानुक्रमाने येणारे शब्द शोधू लागते. गुणांच्या स्तंभात बाकी सर्व संख्याच असल्यामुळे असा एकही शब्द सापडत नाही, मोजणी शून्य येते आणि सूत्राच्या शेवटचा `+1` त्याला पहिला क्रमांक देऊन मोकळा होतो. वर्गातील इतरांच्या क्रमांकावर याचा परिणाम होत नाही, त्यामुळे एका वर्गात दोन पहिले दिसतात आणि गुण सारखे असतील, असे समजून ते पत्रक छापलेही जाते. यासाठी क्रमांक काढण्यापूर्वी गुण ही खरोखर संख्या आहे का, हे सूत्रालाच विचारायला लावावे.

```
=IF(ISNUMBER(C2),COUNTIFS($B$2:$B$10,B2,$C$2:$C$10,">"&C2)+1,"")
```

गुणांची सेल रिकामी असली तरी `ISNUMBER` नकारच देते, म्हणून गुण भरायचे राहून गेलेल्या विद्यार्थ्यासमोरही काही उमटत नाही.

क्रमांक एकने वर सरकलेले असतात

ही चूक मला सर्वांत त्रासाची वाटते, कारण तिच्यातून येणारा निकाल अगदी बरोबर असल्यासारखा दिसतो. गुण एखाद्या पोर्टलवरून उतरवून घेतलेले असतील किंवा सेलमध्ये संख्येआधी अवतरणचिन्ह पडले असेल, तर ५१२ ही संख्या न राहता केवळ अंकांसारखा दिसणारा मजकूर होते. समजा, दुसऱ्या ओळीतील ५१२ असा मजकूर आहे आणि आपण `ISNUMBER` नसलेले पहिलेच सूत्र वापरले आहे. त्या विद्यार्थ्याचा स्वतःचा क्रमांक बरोबर पहिला येतो, कारण निकष तयार होताना एक्सेल मजकुरातले अंकही संख्या म्हणून वाचते. परंतु इतरांच्या मोजणीत तो धरला जात नाही, कारण `>488` या निकषाने एक्सेल फक्त खऱ्या संख्याच तपासते. परिणामी ४८८ गुणांचा विद्यार्थी तिसऱ्याऐवजी दुसरा आणि ४३१ गुणांचा चौथ्याऐवजी तिसरा येतो. अ तुकडीत १, २, १, ३ असे आकडे पाहून कोणालाही वाटते, की समान गुणांनंतर क्रमांक न सोडण्याची पद्धत वापरली आहे.

अशा वेळी दोन रिकाम्या सेलमध्ये `=COUNT(C2:C10)` आणि `=COUNTA(C2:C10)` लिहून पाहावे. पहिले सूत्र फक्त संख्या मोजते, दुसरे भरलेल्या सर्व सेल मोजते. एकाचे उत्तर ८ आणि दुसऱ्याचे ९ आले, तर एका सेलमध्ये मजकूर आहे हे नक्की. दुरुस्तीसाठी गुणांचा स्तंभ निवडावा, `Data` टॅबमधील `Text to Columns` उघडावे आणि काहीही न बदलता `Finish` दाबावे, म्हणजे साध्या मजकुराच्या संख्या होतात. वर दिलेले `ISNUMBER` चे सूत्र आधीपासून वापरलेले असेल, तर अशा विद्यार्थ्यासमोर क्रमांकाची जागा रिकामी राहते आणि चूक लगेच नजरेस येते. गैरहजर कोणी नसले तरी मी तेच सूत्र वापरतो, ते याच कारणाने.

एकाच तुकडीत वेगवेगळ्या गुणांचे दोन पहिले

५१२ गुणांचाही पहिला आणि ४३१ गुणांचाही पहिला दिसत असेल, तर आधी डॉलर तपासावेत आणि ते ठीक असतील तर तुकडीच्या स्तंभाकडे वळावे. एकाने `अ` लिहिले, दुसऱ्याने `अ` नंतर स्पेसबार दाबला, तिसऱ्याने कळफलक न बदलता `A` लिहिले, तर डोळ्यांना किंवा मनाला ती एकच तुकडी असली तरी `COUNTIFS` च्या दृष्टीने त्या तीन तुकड्या आहेत. इंग्रजी अक्षरांच्या लहानमोठेपणाकडे ते दुर्लक्ष करते, पण शेवटच्या मोकळ्या जागेकडे करत नाही.

शोधण्यासाठी बाजूच्या स्तंभात `=COUNTIFS($B$2:$B$10,B2)` लिहून खाली ओढावे. अ तुकडीच्या प्रत्येकासमोर ४ यायला हवेत. एका ओळीत १ आणि बाकी तिघांसमोर ३ दिसले, तर बिघडलेली ओळ तीच. त्यानंतर `=LEN(B5)` ने लांबी पाहावी. एका अक्षरासाठी २ उत्तर आले, तर मागे काहीतरी चिकटलेले आहे. साधी मोकळी जागा `TRIM` ने जाते, पण वेबपेजवरून चिकटवलेल्या मजकुरात अनेकदा वेगळ्या प्रकारची मोकळी जागा असते, जिचा संकेतांक १६० आहे आणि जी `TRIM` ला दिसतच नाही. त्यासाठी आधी ती बदलून घ्यावी लागते.

```
=TRIM(SUBSTITUTE(B2,CHAR(160)," "))
```

हे सूत्र वेगळ्या स्तंभात चालवून आलेली उत्तरे `Paste Values` ने तुकडीच्या स्तंभात परत चिकटवावीत. त्यानंतर `Data Validation` मधून त्या स्तंभाला अ, ब, क अशी यादी लावून दिली, तर पुढच्या वर्षी पुन्हा हेच शोधत बसावे लागत नाही.

आणि सगळ्याच विद्यार्थ्यांसमोर १ दिसत असेल, तर तुकडीचा स्तंभ मर्ज केलेला आहे का, ते पाहावे. पत्रक देखणे दिसावे म्हणून चाळीस सेल एकत्र करून मधोमध `अ` लिहिण्याची सवय फार जुनी आहे. एकत्र केलेल्या सेलमध्ये मजकूर फक्त सर्वांत वरच्या सेलमध्ये राहतो, खालच्या एकोणचाळीस रिकाम्या असतात. निकष म्हणून रिकामी सेल दिली की `COUNTIFS` तिला शून्य समजते, शून्य नावाची तुकडी कुठेच सापडत नाही आणि प्रत्येक जण पहिला येतो. मर्ज काढून टाकावे, तुकडीचा स्तंभ निवडून F5 दाबावे, `Special` मधून `Blanks` निवडावे, बरोबरचे चिन्ह देऊन वरच्या सेलचा पत्ता लिहावा आणि Ctrl सह Enter दाबावे. सर्व रिकाम्या सेल एकदम भरतात, आणि मग त्यांचीही सूत्रे काढून मूल्येच ठेवावीत.

समान गुण असतील तर

मूळ सूत्र समान गुणांना समान क्रमांक देते आणि पुढचा क्रमांक सोडते. अ तुकडीत दोन पहिले आहेत, म्हणून दुसरा कोणीच नाही. काही शाळांना असा सोडलेला क्रमांक मान्य नसतो आणि गणितात ज्याला जास्त गुण त्याला वरचा क्रमांक, असा त्यांचा नियम असतो. नियम कोणता असावा, हे शाळेने ठरवायचे आहे, पण ठरला असेल तर तो सूत्रात दुसऱ्या मोजणीच्या रूपाने घालता येतो. आधी जास्त गुणांचे विद्यार्थी मोजायचे, मग त्यात एकूण गुण समान पण गणितात पुढे असलेले मिळवायचे.

```
=COUNTIFS($B$2:$B$10,B2,$C$2:$C$10,">"&C2)
 +COUNTIFS($B$2:$B$10,B2,$C$2:$C$10,C2,$D$2:$D$10,">"&D2)+1
```

दुसऱ्या ओळीतील विद्यार्थ्याला गणितात ९१ आणि चौथ्या ओळीतील विद्यार्थ्याला ८८ आहेत. त्यामुळे पहिला पहिलाच राहतो, दुसरा दुसरा होतो आणि ४८८ गुणांचा तिसऱ्या जागी तसाच टिकतो. सूत्र वाचायला सोपे जावे म्हणून येथे `ISNUMBER` गाळले आहे, प्रत्यक्षात ते पुन्हा बाहेरून लावावे.

दोन पहिल्यांनंतर लगेच दुसरा क्रमांक द्यायचा असेल, म्हणजे १, १, २, ३ असा क्रम हवा असेल, तर नुसत्या `COUNTIFS` ने भागत नाही. त्याला `SUMPRODUCT` ची जोड द्यावी लागते.

```
=SUMPRODUCT(($B$2:$B$10=B2)*ISNUMBER($C$2:$C$10)*($C$2:$C$10>C2)
 /COUNTIFS($B$2:$B$10,$B$2:$B$10,$C$2:$C$10,$C$2:$C$10))+1
```

यात ५१२ गुणांचे दोघे प्रत्येकी अर्धे मोजले जातात आणि दोघे मिळून एकच भरतात. आतील `ISNUMBER` काढू नये. थेट तुलनेत एक्सेल कोणत्याही शब्दाला संख्येपेक्षा मोठे मानते, त्यामुळे ते नसेल तर एक गैरहजर विद्यार्थी संपूर्ण तुकडीला एक जागा खाली ढकलतो आणि क्रमांक २ पासून सुरू होतात. तसेच रेंजमध्ये एकही पूर्ण रिकामी ओळ असली तर `#DIV/0!` येते, म्हणून ही रेंज नेमकी असावी लागते.

क्रमांक एकूण गुणांवरून काढावा, टक्क्यांवरून काढू नये, असे मी आग्रहाने सांगतो. ६०० पैकी ४८८ म्हणजे ८१.३३ असे दिसत असले तरी सेलमध्ये न संपणारा अपूर्णांक असतो, आणि `&` ने जोडताना त्याचे फक्त १५ सार्थ अंक निकषात जातात. साठवलेली मूळ संख्या आणि निकषातली छाटलेली संख्या यांत किंचित फरक पडून समान गुणांची तुलना फसू शकते. टक्केच वापरणे भाग असेल, तर टक्क्यांच्या स्तंभातच `ROUND` ने दोन दशांश स्थळांपर्यंतचे मूल्य ठेवावे. सेलचे स्वरूप बदलून दोन स्थळे दाखवल्याने आतली संख्या बदलत नाही.

शीटमध्ये पुढे सहावी आणि आठवीही आली, तर हे सूत्र तीनही इयत्तांच्या अ तुकड्या एकच समजेल. अशा वेळी इयत्तेचा स्तंभ वेगळा ठेवावा आणि `COUNTIFS` मध्ये त्याची एक जोडी वाढवावी. इयत्ता F स्तंभात असेल, तर सूत्र असे होते.

```
=COUNTIFS($F$2:$F$10,F2,$B$2:$B$10,B2,$C$2:$C$10,">"&C2)+1
```

राहता राहिला सत्राच्या मध्यात दाखल होणारा विद्यार्थी. त्याची ओळ यादीच्या अगदी खाली, म्हणजे अकराव्या ओळीत, जोडली की ती `$B$10` वर संपणाऱ्या रेंजच्या बाहेर पडते. सूत्र खाली ओढल्यावर त्याचा स्वतःचा क्रमांक दिसतो, पण इतरांच्या मोजणीत तो येत नाही. म्हणून यादीत कुठेही क्लिक करून Ctrl सह T दाबावे, यादीचे टेबल करावे, शीर्षके `Class` आणि `Total` अशी ठेवावीत आणि पत्त्यांऐवजी त्या नावांनी सूत्र लिहावे.

```
=IF(ISNUMBER([@Total]),COUNTIFS([Class],[@Class],[Total],">"&[@Total])+1,"")
```

टेबलाखाली नवी ओळ लिहिताच टेबल वाढते, सूत्र त्या ओळीत आपोआप उतरते आणि डॉलरची चिन्हे लावायची राहिली, हा प्रश्नच उरत नाही. टेबलात सेल मर्ज करता येत नाहीत, हा त्याचा आणखी एक फायदा.